रोस्टर बनवणारा प्रोग्रॅम रजेवरून परतलेल्यालाच सलग पाळ्या लावतो, काय करावं?

खटपट्या
मंडळी, आमच्या विभागाचं ड्यूटी रोस्टर आजवर एक्सेलमध्ये हाताने भरत आलो. आता पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला आहे. नियम तीनच. रोज ठरलेली माणसं हजर हवीत, मंजूर रजेच्या दिवशी ड्यूटी लागता कामा नये, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त कोणी सलग काम करायचं नाही. हे सांभाळून पाळ्या सगळ्यांना सारख्या वाटायच्या.

डोकं साधंच लावलंय. १ तारखेपासून एकेक दिवस घ्यायचा. त्या दिवशी जे रजेवर नाहीत आणि ज्यांचे सलग दिवस भरलेले नाहीत, त्यांच्यातून ज्यांच्या आतापर्यंत सर्वात कमी पाळ्या झाल्यात ते उचलायचे. बरोबरी झाली तर यादीत जो वर तो.

अडचणी दोन आहेत. कधीकधी महिन्याच्या मध्येच प्रोग्रॅम अडतो, माणूसच मिळत नाही. आणि जेव्हा पूर्ण होतो तेव्हा रजेवरून आलेला माणूस आल्या आल्या कमाल सलग दिवस राबतो, एक सुट्टी, पुन्हा कमाल. लोक म्हणतात, "रजा दिलीत की उधार दिलीत?"

अडण्याचा प्रकार छोटा करून देतो. चार जण: अ, ब, क, ड. रोज दोघं हवेत. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त नाही. सात दिवसांचं रोस्टर. क आणि ड ४, ५, ६ तारखेला रजेवर. माझा प्रोग्रॅम ६ तारखेला हात वर करतो. हातानं मात्र हेच रोस्टर बसतं.

साधा_माणूस
चांगला विषय. मलाही दर आठवड्याला मंगळवारीच सुट्टी येते. ती बदलून घ्यायला अर्ज कोणाला लिहायचा, लाइन सुपरवायझरला की थेट एचआरला?

खटपट्या
साधा_माणूस, तो वेगळा प्रश्न झाला हो. इथे रोस्टर बनवायचं कसं ते चाललंय.

साधा_माणूस
म्हणजे मंगळवार लावणारे तुम्हीच! बरं सापडलात.

गणिती_भुंगा
खटपट्या, तुमचं उदाहरण कागदावर मांडलं.

१ तारीख: सगळे शून्यावर, यादीतले वरचे अ, ब.
२ तारीख: कमी पाळ्यांचे क, ड.
३ तारीख: सगळ्यांची एकेक, बरोबरी. यादीत वर अ, ब. लागले.
४ तारीख: क, ड रजेवर. अ, ब.
५ तारीख: पुन्हा अ, ब. त्यांचे ३, ४, ५ असे सलग तीन झाले.
६ तारीख: अ, ब यांना विश्रांती सक्तीची, क, ड रजेवर. खेळ खल्लास.

अडला ६ तारखेला, पण बिघडलं ३ तारखेलाच. ४, ५, ६ ला अ आणि ब यांच्याशिवाय कोणी नाही हे रजेचे अर्ज आले तेव्हाच ठरलं होतं. म्हणजे ३ ला त्या दोघांना मोकळं ठेवणं भागच होतं. तुमचा प्रोग्रॅम ३ तारखेला उभा राहून फक्त मागे बघतो. पुढची रजा त्याच्या हातात असते, पण तिचा उपयोग तो त्या त्या दिवशीच करतो.

पाळीवीर
बरोबरी झाली की यादीत वरचा घेण्याऐवजी चिठ्ठी टाका ना. रँडम. शंभर वेळा चालवा, एखाद्या वेळी बसेलच.

गणिती_भुंगा
पाळीवीर, या उदाहरणात बसेल. ३ तारखेला चौघांतून दोघं निवडायच्या सहा जोड्या होतात, त्यातली क-ड ही एकच चालते. अ किंवा ब यांच्यापैकी एक जरी ३ ला लागला तरी ६ ला तो अडतो. म्हणजे सहातून एकदा काम होईल. पण तीस दिवसांत असे चारपाच अडसर आले की प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी बरोबर निघायला हवी, आणि ते सगळं एकाच फेरीत जमायला हवं. शंभर फेऱ्या पुरत नाहीत. एकही फेरी बसली नाही तर रोस्टर खरंच अशक्य आहे की आपलं नशीब वाईट आहे, हेही कळत नाही.

त्यापेक्षा दिवसांचा क्रम बदला. ज्या दिवशी माणसांची सर्वात जास्त टंचाई, तो दिवस आधी भरा. म्हणजे ४, ५, ६ पहिल्यांदा. हाताने रोस्टर लावणारा अनुभवी माणूस हेच करतो. आधी रजांचे अर्ज समोर ठेवतो, अडचणीचे दिवस भरतो, मोकळे दिवस शेवटी.

तिसरी_घंटा
हाताने लावणारा अनुभवी माणूस आधी साहेबांच्या भाच्याची सुट्टी भरतो. मग टंचाई.

अनघा_क
😄 तिसरी_घंटा, यासाठीच तर लोकांना प्रोग्रॅम हवा असतो. कोणी लावलं विचारलं की "कम्प्युटरने" सांगता येतं.

खटपट्या
भुंगाशेठ, क्रम बदलला. ४, ५, ६ आधी भरले, मग १, २, ३, ७. आता ६ ला अडत नाही, पण भलतंच झालं. ३ तारखेला पुन्हा अ, ब लागले, म्हणजे ३, ४, ५, ६ सलग चार! नियमच मोडला.

गणिती_भुंगा
तुमची पाळ्यांची मोजणी आणि सलग दिवसांची तपासणी, दोन्ही फक्त मागचे दिवस मोजत असणार. क्रमाने भरत होतात तोवर ते पुरत होतं, कारण पुढे काही भरलेलंच नसायचं. आता दिवस कुठूनही भरतो म्हटल्यावर पाळ्या भरलेल्या सगळ्याच दिवसांच्या मोजायला हव्यात, आणि सलग दिवस दोन्ही बाजूंना:

```python
def salag(kaam, d):
    n = 1
    i = d - 1
    while i in kaam:
        n += 1
        i -= 1
    i = d + 1
    while i in kaam:
        n += 1
        i += 1
    return n
```

`kaam` हा त्या माणसाच्या कामाच्या तारखांचा `set`. उत्तर कमाल मर्यादेपेक्षा जास्त आलं तर तो दिवस त्याला द्यायचा नाही.

यात एक आयती सोय आहे. गेल्या महिन्याचे शेवटचे दिवस `0`, `-1`, `-2` अशा तारखांनी याच `set` मध्ये टाकून ठेवा, महिन्याचा सांधा आपोआप तपासला जातो. हे बहुतेक जण विसरतात. मर्यादा सहा दिवसांची असली तर मागच्या महिन्याच्या शेवटी सहा आणि नव्याच्या सुरुवातीला सहा असे सलग बारा दिवस होतात. दोन्ही रोस्टर वेगवेगळी तपासली तर दोन्ही निर्दोष दिसतात.

रातपाळी
हे बारा दिवसांचं आमच्याकडे घडलेलं आहे. तक्रार केली तर महिन्याचा कागद दाखवायचे, "बघा, कुठे आहेत सहाच्या वर?"

खटपट्या
झालं, आता बसतंय. पण दुसरी तक्रार बघा कशी डोकं वर काढते:

अ, ब: ४, ५, ६ (तीन पाळ्या)
क, ड: १, २, ३, ७ (चार पाळ्या)

क आणि ड रजेवरून परत येतात ते थेट ७ ला कामावर, आणि रजेआधीचे तिन्ही दिवसही कामावर. अ, ब यांना आठवड्यात चार सुट्ट्या.

अनघा_क
मी गेली बरीच वर्षं रोस्टर लावते, कोडिंग येत नाही. पण हा कागद बघून लगेच सांगू शकते की क आणि ड भांडायला येणार, आणि त्यांचं बरोबर असणार. त्यांच्या वाट्याला साप्ताहिक सुट्टी आलीच नाही. रजेचे तीन दिवस सोडले तर उरलेल्या चारही दिवशी ते कामावर. रजा त्यांच्या खात्यातून वजा झाली आणि वर सुट्टीही गिळली. आकड्यांत फरक फक्त एका पाळीचा दिसतो, पण माणसाला ते दुप्पट लागतं.

पाळीवीर
मग सोपं आहे. रजेचा दिवस म्हणजे हजेरीचा दिवस, असं मोजा. पगारी रजा आहे ना? पगार मिळतो म्हणजे काम केल्यासारखंच. क आणि ड यांच्या खात्यात सुरुवातीलाच तीन-तीन टाका आणि मग समान वाटा.

गणिती_भुंगा
पाळीवीर, दिशा बरोबर आहे, माप जास्त होतंय. तुमच्या हिशेबाने १४ पाळ्या अधिक ६ रजेचे दिवस म्हणजे २०, भागिले चार, प्रत्येकी पाच. म्हणजे अ, ब प्रत्यक्ष पाच-पाच पाळ्या करणार (१, २, ४, ५, ६) आणि क, ड दोन-दोन (३ आणि ७). नियमात बसतं. पण रजा नसती तर क सातही दिवस कामावर असता का? रोज चौघांतले दोघं लागतात, म्हणजे सरासरी दिवसाआड काम. तीन दिवस रजा घेतली नसती तर त्या तीन दिवसांत त्याला दीडच पाळी आली असती. तुम्ही त्याला तीनचं श्रेय देताय.

दीडचं श्रेय द्या. प्रत्यक्ष पाळ्या अधिक रजेच्या प्रत्येक दिवसाला अर्धी, असा आकडा मोजून बघा:

अ-ब तीन, क-ड चार असं वाटप केलं तर ३ विरुद्ध ५.५
अ-ब चार, क-ड तीन: ४ विरुद्ध ४.५
अ-ब पाच, क-ड दोन: ५ विरुद्ध ३.५

मधलं सर्वात जवळचं. रोस्टर असं होतं: अ, ब १, ४, ५, ६ ला, क, ड २, ३, ७ ला. तिन्ही रोस्टर कायदेशीर आहेत. "समान" म्हणजे काय हे आधी ठरवल्याशिवाय प्रोग्रॅमला तिन्हींत फरक कळणारच नाही. तुमचा कोरा आकडा तर पहिल्या दोन्ही रोस्टरना सारखंच मानतो, दोन्हीकडे फरक एकाचाच.

पाळीवीर
मला अजूनही पाच-पाच आणि दोन-दोनमध्ये चूक दिसत नाही. रजा हक्काची आहे. त्या दिवशी सुट्टी आली असती की ड्यूटी, याचा विचार रजा घेणाऱ्याने का करायचा?

अनघा_क
कारण मग अ आणि ब माझ्याकडे येतात. "ते दोघं तीन दिवस नव्हते, त्यांचं काम आम्ही उचललं, वर आल्यावरही आम्हीच?" हे मी स्वतः ऐकलंय. आणि एकदा का लोकांना कळलं की रजा घेतली की परतल्यावरही पाळ्या कमी होतात, की दोन-दोन दिवसांच्या रजांची रांग लागते.

तिसरी_घंटा
म्हणजे क-ड खूश तर अ-ब नाराज, अ-ब खूश तर क-ड नाराज. दोघंही थोडे थोडे नाराज असतील ते रोस्टर न्याय्य. भुंगाशेठचं सूत्र हेच दिसतंय.

खटपट्या
दीडचं श्रेय घातलं. तरी उत्तर तेच, अ-ब तीन आणि क-ड चार! मघाचाच क्रम आहे, ४-५-६, मग १, २, ३, ७.

गणिती_भुंगा
हो, तेच येणार. ४, ५, ६ भरल्यावर अ, ब तीनवर आणि क, ड दीडवर. १ तारखेला कमी आकडा क, ड यांचा, ते लागले, अडीच. २ ला पुन्हा तेच, साडेतीन. ३ ला अ, ब चालत नाहीत म्हणून क, ड. ७ लाही तसंच. ३ आणि ७ हे दोन दिवस क-ड यांच्याच गळ्यात पडणार आहेत, आणि तुमचा क्रम ते शेवटी ठेवतो.

टंचाई एकदाच मोजून चालत नाही. ४, ५, ६ भरले त्या क्षणी ३ आणि ७ हेही टंचाईचे दिवस झाले, कारण तिथे आता फक्त दोघंच चालतात. प्रत्येक दिवस भरून झाला की उरलेल्या प्रत्येक दिवशी किती जण चालतील ते नव्याने मोजा, आणि सर्वात कमी असलेला पुढे घ्या. मग ३ आणि ७ आधी भरतील, क, ड साडेतीनवर येतील, १ ला अ, ब लागतील, २ ला क, ड. हवं ते रोस्टर.

खटपट्या
आलं! ४, ४, ३, ३. पण गंमत म्हणून श्रेय काढून टाकलं तरी ४, ४, ३, ३ च येतंय, फक्त १ आणि २ ची अदलाबदल होते. मग श्रेयाचा उपयोग काय झाला?

गणिती_भुंगा
इतक्या छोट्या उदाहरणात क्रमानेच काम भागलं. श्रेयाचा उपयोग महिन्यात दिसतो, आणि तुमच्या मूळ तक्रारीचं कारणही तिथेच आहे.

समजा सहा जण आहेत, रोज चार लागतात, तीस दिवस, सलग सहापेक्षा जास्त नाही. एकूण १२० पाळ्या, डोई वीस. एकजण पहिले दहा दिवस रजेवर आहे. ११ तारखेला तो परततो तेव्हा त्याचा आकडा शून्य, बाकीच्यांचा आठ. "सर्वात कमी पाळ्यांचा आधी" या नियमाने तो रोज पहिला उचलला जाणार. सहा दिवस काम, एक सुट्टी, सहा दिवस, एक सुट्टी, सहा दिवस. वीस दिवसांत अठरा पाळ्या. तरी वीसला तो पोचत नाही, म्हणून प्रोग्रॅम महिनाभर त्याचा पाठलाग सोडत नाही. तुमचे लोक म्हणतात ती उधारी हीच.

आता श्रेय घाला. रोज सहांतले चार, म्हणजे रजेच्या दिवसाला दोन तृतीयांश पाळी. दहा दिवसांचं श्रेय पावणेसातच्या आसपास. मग त्याच्या वाट्याला पंधरा येतात आणि बाकीच्या पाचांना एकवीस-एकवीस. बेरीज १२० च. आता बघा, श्रेय नसताना बाकीच्यांना सरासरी २०.४ पडत होत्या. म्हणजे त्यांच्यावर महिन्याला एक पाळीसुद्धा वाढली नाही, आणि रजेवरून आलेल्याच्या तीन कमी झाल्या.

अनघा_क
हे शेवटचं वाक्य मला छापून हवं आहे. आमच्या मीटिंगमध्ये कायम "रजेवाल्याला सूट दिली तर बाकीचे मरतील" हेच चालतं. पाचजणांत वाटलं गेलं की कोणाच्या लक्षातही येत नाही.

रातपाळी
मोठ्या टीममध्ये ठीक आहे हो. आमच्याकडे एकच खुर्ची, कंट्रोल रूमची, चोवीस तास. तीन पाळ्या, माणसं चार. कोणी आठवडाभर रजेवर गेला की उरलेल्या तिघांना डबल ड्यूटी. साहेब म्हणतात रोस्टर नीट लावलं तर बसायला हवं. यावर काही प्रोग्रॅम?

गणिती_भुंगा
रातपाळी, यात प्रोग्रॅम काही करू शकत नाही, हा बेरजेचा प्रश्न आहे. आठवड्याच्या २१ पाळ्या. माणशी सहा दिवस आणि दिवसाला एकच पाळी धरली तर चौघं मिळून २४ करू शकतात, तीन जादा. एक जण पूर्ण आठवडा गेला की तिघांच्या १८ उरतात. तीन पाळ्या उघड्याच राहणार, कितीही नीट लावा. बाहेरून रिलीव्हर आणा, पाचवा माणूस घ्या किंवा डबल ड्यूटी लावा. साहेबांना हे तीन आकडे लिहून द्या: २१, २४, १८.

रातपाळी
दिले होते. म्हणाले, "आकडे नको, ऍडजस्ट करा."

सोडवणूक
उशिरा आलो. खटपट्या, तुम्ही ग्रीडी पद्धतीला ठिगळं लावत बसलाय. ओआर-टूल्स घ्या, त्यातला सीपी-सॅट सॉल्व्हर याच कामाचा आहे, फुकट आहे, पायथनमधून चालतो. नर्सेसच्या पाळ्यांचं उदाहरण त्याच्या कागदपत्रांतच दिलेलं आहे. प्रत्येक माणूस आणि प्रत्येक दिवस यांच्यासाठी ० किंवा १ असा एक चल घ्यायचा. सलग दिवसांचा अख्खा नियम एवढ्यात होतो:

```python
for e in emp:
    for d in range(N - K):
        model.Add(sum(x[e, t] for t in range(d, d + K + 1)) <= K)
```

कुठलेही लागोपाठचे K+1 दिवस घेतले तरी त्यात K पेक्षा जास्त काम नको, बस. पुढे बघा, मागे बघा, क्रम बदला, काही लागत नाही. रजेच्या दिवशी `x` शून्य. भुंगाशेठनी मोजलेल्या श्रेयासकटच्या आकड्यांत सर्वात मोठा आणि सर्वात छोटा यांच्यातला फरक कमीत कमी करा म्हणून सांगायचं. सीपी-सॅट पूर्णांकच घेतो, म्हणून दोन तृतीयांशसारखे आकडे आधी तीनने गुणून घ्या. तीस-चाळीस माणसांचा महिना साधारण लॅपटॉपवर आरामात निघतो.

खटपट्या
सोडवणूक, लावून बघितलं. छोटं उदाहरण लगेच सुटलं. मग मुद्दाम क आणि ड यांची रजा ७ तारखेपर्यंत वाढवली तर नुसतं `INFEASIBLE` म्हणतो. का, कुठे, काही नाही. मी तर रोजची माथी मोजून बघितली होती. सातही दिवशी किमान दोन माणसं हजर आहेत.

सोडवणूक
४ ते ७ हे चार दिवस एकत्र बघा. गरज आठ पाळ्यांची. अ चार दिवस हजर आहे, पण सलग चार चालत नाहीत, म्हणजे त्याच्याकडून तीनच. ब कडून तीन. सहा विरुद्ध आठ, नाहीच बसणार. रोजची माथी मोजून हे दिसत नाही. प्रत्येक लागोपाठच्या K+1 दिवसांसाठी गरजेची बेरीज करा, आणि माणशी "हजर दिवस किंवा K, जे कमी असेल ते" धरून पुरवठ्याची बेरीज करा. पुरवठा कमी पडला तर त्या तारखा लाल करा. रजा मंजूर करण्याआधीच ही तपासणी चालवली तर रोस्टर लावताना डोक्याला हात लावायची वेळ येत नाही. ही तपासणी पार पडली म्हणजे रोस्टर बसेलच असं नाही, पण नापास झाली तर नक्की बसणार नाही.

दुसरं, माणसांची संख्या ही सक्ती न ठेवता "कमी पडली तर मोठा दंड" अशी ठेवा. मग सॉल्व्हर हात वर न करता रोस्टर देतो, आणि कुठल्या तारखेला किती जण कमी ते त्यातच दिसतं. रजा आणि सलग दिवस मात्र सक्तीचेच ठेवा. तिथे दंड ठेवलात की टंचाईत पहिला बळी त्यांचाच जातो.

गणिती_भुंगा
सोडवणूक यांच्याशी सहमत, एक सोडून. सर्वात मोठा आणि सर्वात छोटा यांचाच फरक कमी करायला सांगितलं तर मधले सगळे वाऱ्यावर राहतात. एखाद्याला त्याच्या रजांमुळे कमी पाळ्या देणं भागच असेल, तर फरक तिथेच अडकतो आणि बाकीच्यांत कसंही वाटलं तरी सॉल्व्हरला सारखंच. प्रत्येकाचा अपेक्षित आकडा काढून त्यापासूनच्या अंतराची बेरीज कमी करा, मोठ्या अंतराला जास्त दंड.

सोडवणूक
मी दोन्ही ठेवतो. आधी फरक कमीत कमी, तो गोठवून मग अंतराची बेरीज. दोनदा चालवावं लागतं खरं. एकाच वेळी वजनं लावून केलं तर कुठलं वजन किती, यावरच आठवडा जातो.

अनघा_क
तुमचं चालू द्या, पण एक व्यवहाराची गोष्ट. पाळ्यांची संख्या समान आली तरी भांडणं थांबत नाहीत. रविवार कोणाला किती, रात्रीची पाळी कोणाला किती, यांचे आकडे वेगळे ठेवावे लागतात, आणि ते महिन्याला शून्यावर आणायचे नाहीत. महिन्यात रविवार चार-पाचच, म्हणून एका महिन्यात समान होईलच असं नाही, तीन महिन्यांत बरंचसं जवळ येतं. आणि रात्रपाळी संपून सकाळी घरी जाणाऱ्याला त्या दिवशी "साप्ताहिक सुट्टी" लावू नका. कागदावर सुट्टी, प्रत्यक्षात झोपण्यात गेलेला दिवस.

रातपाळी
अनघाताईंना साष्टांग नमस्कार. हे रोस्टरवाल्यांना कळतं, हेच आज पहिल्यांदा कळलं.

खटपट्या
अनघाताई, रविवारचा वेगळा आकडा घातला, श्रेयही तसंच, रविवारी रजेवर असेल तर फक्त रविवारच्या आकड्यात. सोमवारी नवीन महिन्याचं रोस्टर लावतोय, मागच्या महिन्याचे शेवटचे सहा दिवस जोडून.

एक राहिलं. रोस्टर लागल्यावर दोघांनी आपापसांत अदलाबदल केली तर आकडे कोणाच्या नावावर धरायचे, रोस्टरप्रमाणे की प्रत्यक्ष केलेल्याप्रमाणे?

अनघा_क
प्रत्यक्ष केलेल्याप्रमाणे. हजेरी ज्याची, पाळी त्याची.

पाळीवीर
अजिबात नाही. मित्रासाठी मी त्याची रविवारची पाळी केली, तर पुढच्या महिन्यात प्रोग्रॅम मला एक रविवार कमी देणार आणि त्याला एक जास्त. म्हणजे मी केलेली मदत प्रोग्रॅमने परस्पर वसूल केली. शिवाय दोन मित्र ठरवून प्रोग्रॅमला खेळवू शकतात. वाटपाचे आकडे रोस्टरप्रमाणेच राहू द्या.

गणिती_भुंगा
सलग दिवसांसाठी प्रत्यक्षच धरावं लागेल, शरीर प्रत्यक्ष थकतं. अदलाबदल मंजूर करण्याआधी दोघांसाठी `salag` पुन्हा चालवा, नाहीतर सांध्याचे बारा दिवस मागच्या दाराने परत येतील. वाटपाच्या आकड्यांबद्दल मात्र मी पाळीवीरच्या बाजूने आहे.

अनघा_क
या वेळी तुमच्या दोघांच्याही विरुद्ध. मी नोंद हजेरीवरूनच करणार.

साधा_माणूस
कोणाला मंगळवार हवाय का? अदलाबदल करायला तयार आहे.